सोसायटीचा इमारत रिकामी करण्याचा आराखडा कसा तपासावा : नव्या समिती सदस्यांसाठी

गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर नव्याने निवडून आलेल्या सदस्याच्या हाती जी कागदपत्रे येतात, त्यांत बहुधा ‘आपत्कालीन आराखडा’ नावाची एक-दोन पाने असतात. कधी ती बिल्डरने इमारत ताब्यात देताना दिलेली असतात, तर कधी अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्या कंत्राटदाराने आपल्या इतर सोसायट्यांना दिली तशीच इथेही दिलेली असतात. लॉबीतल्या फलकावर ती चिकटवलेली असली, तरी ती कोणी ओळीओळीने तपासून पाहिल्याचे सहसा आढळत नाही. ती तपासणी कशी करावी, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. आग विझवण्याच्या यंत्रणेची तांत्रिक तपासणी हा वेगळा विषय आहे. येथे प्रश्न इतकाच आहे, की आराखड्यात लिहिल्याप्रमाणे माणसे खरोखर वागू शकतील का आणि सुखरूप बाहेर पडू शकतील का.

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते, म्हणून आधी ती दूर करू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर असते, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा ‘फॉर्म बी’ सादर करावा लागतो. हा फॉर्म वेळेवर भरला जातो, म्हणजे आपली तयारी पूर्ण आहे, असे अनेक समित्या धरून चालतात. फॉर्म बी सांगतो तो पंप, पाइप, होज, अलार्म यांच्या स्थितीबद्दल. रात्री अडीच वाजता गेट कोण उघडेल आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असेल, हे तो सांगत नाही.

पहिली पायरी : कागद गोळा करणे

तपासणीला बसण्यापूर्वी पाच गोष्टी टेबलावर असाव्यात : सध्याचा आराखडा, महापालिकेने मंजूर केलेला मजल्यांचा नकाशा, अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि त्यातल्या अटी, शेवटचा फॉर्म बी, आणि सोसायटीतल्या किल्ल्यांची यादी. शेवटची यादी बहुतेक ठिकाणी तयारच नसते. नसली तर ती करण्यापासूनच सुरुवात करावी, कारण पुढे सापडणारे अर्धे दोष किल्ल्यांपाशी येऊन थांबतात. मंजूर नकाशा लागतो तो तुलनेसाठी. कागदावर मोकळी दाखवलेली जागा प्रत्यक्षात आज काय झाली आहे, हे त्याच्याशिवाय ठरवता येत नाही.

पुढचे विवेचन नेमके व्हावे म्हणून उदाहरणादाखल एक इमारत धरू. तळाला स्टिल्ट पार्किंग, वर चौदा मजले, प्रत्येक मजल्यावर चार, म्हणजे एकूण ५६ सदनिका. दोन जिने, दोन लिफ्ट, त्यांपैकी एक अग्निशमन दलासाठीची. आठव्या मजल्यावर आश्रयक्षेत्र, ज्याला सगळे ‘रेफ्युज एरिया’ म्हणतात. रात्री गेटवर एकच सुरक्षारक्षक. तिच्या आराखड्यात पुढील सात वाक्ये आहेत, आणि अशी वाक्ये वाचकाने आपल्याही सोसायटीत पाहिली असतील :

१. आग लक्षात येताच सायरन वाजवण्यात येईल.
२. सर्व रहिवाशांना इंटरकॉमवरून सूचित करण्यात येईल.
३. अग्निशमन दलास कळवण्यात येईल.
४. इमारतीचा वीजपुरवठा बंद करण्यात येईल.
५. रहिवाशांनी लिफ्ट न वापरता जिन्याने खाली यावे.
६. ज्येष्ठ व आजारी व्यक्तींना स्वयंसेवक मदत करतील.
७. सर्वांनी बागेजवळ जमावे व सचिवांनी मोजणी करावी.

वरवर वाचले तर यात काही चुकीचे दिसत नाही. पण एकेक वाक्य सुटे करून वाचले, की सातही वाक्यांत काही ना काही अडते.

दुसरी पायरी : प्रत्येक कामाला माणूस शोधणे

लाल पेन घेऊन ‘येईल’ आणि ‘करतील’ अशा प्रत्येक शेवटाखाली रेघ मारावी आणि समासात तीन प्रश्न लिहावेत : हे कोण करणार, तो नसेल तर कोण, आणि रात्री अडीच वाजता तो कुठे असेल? पहिल्या चार वाक्यांत कर्ताच नाही. समितीला विचारले तर चारही वेळा एकच उत्तर मिळते : वॉचमन. म्हणजे सायरन वाजवणे, ५६ घरांना फोन करणे, अग्निशमन दलाला कळवणे आणि वीज बंद करणे ही सगळी कामे एकाच माणसावर येतात. त्यात आराखड्याने न लिहिलेली पण करावीच लागणारी दोन कामे मिळवा : गेटपुढची वाहने हलवून बंबाला वाट करून देणे आणि आलेल्या अधिकाऱ्याला आग कुठे आहे ते सांगणे.

आता हिशेब करावा. इंटरकॉमवर एका घराला पंधरा सेकंद धरले, तरी ५६ घरांना १४ मिनिटे लागतात, आणि झोपेतून उठून पंधरा सेकंदांत कोणी फोन उचलत नाही. तोवर बाकीची कामे थांबलेली असतात. दुसरे वाक्य म्हणूनच व्यवहारात निरुपयोगी आहे. सर्वांना एकाच वेळी ऐकू जाणारा सायरन किंवा मजल्यांवरचे स्पीकर हाच इशारा देण्याचा मार्ग असला पाहिजे. इंटरकॉम ठेवायचा तो फक्त आगीचा मजला आणि त्याच्या लगेच वरचा मजला अशा आठ घरांसाठी.

चौथे वाक्य तर धोकादायक आहे. ‘इमारतीचा वीजपुरवठा बंद करावा’ हा सल्ला इतक्या वेळा ऐकलेला असतो, की त्याविषयी कोणाला शंका येत नाही. परंतु अग्निशमन पंप, अग्निशमन लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि इंटरकॉम यांना वीज कुठून मिळते, हे न पाहता मुख्य स्विच खाली ओढला, तर आपण आपल्याच सुटकेची साधने बंद करतो. नीट केलेल्या इमारतीत या यंत्रणांची वीज वेगळ्या सर्किटवर असते. पण नंतरच्या दुरुस्त्यांत ही जोडणी बदललेली असू शकते. परवानाधारक वायरमनला मीटर रूममध्ये नेऊन कोणता स्विच काय बंद करतो हे प्रत्यक्ष दाखवायला लावावे, स्विचांवर मराठीत पाट्या लावाव्यात, आणि आराखड्यात ‘वीजपुरवठा’ असा मोघम शब्द न ठेवता त्या पाटीचे नाव लिहावे. मीटर रूमच पेटली असेल तर रक्षकाने तिच्यात शिरूच नये. वीज कंपनीला कळवावे आणि बाकीचे अग्निशमन दलावर सोपवावे.

रक्षकाकडे मग काय ठेवायचे? माझ्या मते फक्त तीन कामे, त्याच क्रमाने : सायरन, १०१ ला फोन, गेट. ती झाली की त्याने गेटवरच थांबावे. धाडसी रक्षक बादली घेऊन वर धावतो आणि बंब येतो तेव्हा गेटला कुलूप असते, अशी व्यवस्था आराखड्यानेच टाळायला हवी. फोनचे काम सोपे वाटते, पण एजन्सीने दोन दिवसांपूर्वी पाठवलेल्या नव्या रक्षकाला सोसायटीचा पूर्ण पत्ता माहीत नसतो. केबिनमधल्या फोनवरच्या भिंतीवर जाड अक्षरांत एक कार्ड लावावे : सोसायटीचे नाव, विंग, रस्ता, जवळची सर्वांना ठाऊक असलेली खूण, आणि बंबाने कोणत्या गेटने यायचे ते. त्याखाली रिकाम्या जागा : कोणता मजला, काय जळते आहे, कोणी अडकले आहे का. रक्षक ज्या भाषेत सहज वाचतो त्या भाषेत हे कार्ड असावे. इंग्रजीतला लॅमिनेट केलेला तक्ता केबिनमध्ये लावून समितीचे समाधान होते, उपयोग मात्र कुणालाच होत नाही. १०१ लागला नाही, तर ११२ हाही आकडा त्याच कार्डावर असावा.

सातव्या वाक्यात निदान कर्ता आहे, पण तो एकटाच आहे. सचिव गणपतीला कोकणात गेले की आराखड्याचा प्रमुखच जागेवर नाही. म्हणून पदापेक्षा क्रम लिहावा : सचिव, ते नसतील तर अध्यक्ष, ते नसतील तर खजिनदार, आणि यांपैकी कोणीच खाली पोहोचले नसेल तर केबिनमधले केशरी जाकीट जो समिती सदस्य प्रथम अंगात घालेल, तो अधिकारी येईपर्यंत प्रमुख. नंतर वरिष्ठ पदाधिकारी आले तरी जाकीट त्याच्याकडेच राहावे. भर गोंधळात सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे गेली, तर दोघांनाही अर्धीच माहिती राहते.

सहाव्या वाक्यातले ‘स्वयंसेवक’ शोधायला निघाले, तर पुष्कळदा असे कळते की यादी सहा-सात वर्षांपूर्वीची आहे, त्यातले दोघे फ्लॅट विकून गेले आहेत आणि एकजण स्वतःच आता काठी घेऊन चालतो. जिन्याने उतरू न शकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी त्याच किंवा शेजारच्या मजल्यावरची दोन घरे ठरवावीत आणि त्या घरांशी प्रत्यक्ष बोलावे. चौदाव्या मजल्यावरच्या आजींना दुसऱ्या मजल्यावरचा तरुण मदत करील असे लिहू नये. सगळे खाली येत असताना त्याला वर जावे लागेल, आणि तो पोहोचणार नाही. दिवसा आजींसोबत फक्त मदतनीस बाई असतील, तर त्यांनाही सर्व समजावून सांगावे. यादीत आजारपणाची माहिती असल्याने ती फलकावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. कुटुंबाच्या संमतीने तयार केलेली एक प्रत बंद पाकिटात केबिनमध्ये ठेवावी आणि ती फक्त अग्निशमन अधिकाऱ्याला द्यावी.

तिसरी पायरी : वाट पायांनी तपासणे

मार्गाची तपासणी गच्चीच्या दारापासून सुरू करावी आणि जिना उतरून, गेट ओलांडून, एकत्र जमण्याच्या जागेपर्यंत न थांबता चालत जावे. सोबत मोजपट्टी, टॉर्च आणि फोटो काढण्यासाठी मोबाइल असावा. रात्री अकरानंतरची वेळ धरावी, कारण तेव्हा सगळी वाहने आत आलेली असतात आणि दारासमोरच्या वस्तू आपल्या रोजच्या जागी असतात. दुसऱ्या जिन्याने तोच प्रवास पुन्हा करावा. बहुतेक रहिवासी या दुसऱ्या जिन्यावर वर्षानुवर्षे पाय ठेवत नाहीत, आणि सर्वांत जास्त सामान तिथेच सापडते.

मजल्यावर पाहायचे ते असे : चपलांचे रॅक, कुंड्या, सायकली, जुने कपाट. हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे बाहेर उघडणारे सेफ्टी डोअर. समोरासमोरच्या दोन घरांची जाळीची दारे एकदम उघडली, तर पॅसेजमध्ये किती जागा उरते, ते दोन्ही दारे खरोखर उघडून मोजावे. लोक घाईत बाहेर पडतात तेव्हा दारे मागे लावत नाहीत, म्हणून दारे उघडी असतानाची रुंदीच खरी. खुर्चीवर बसवलेल्या माणसाला दोघांनी उचलून त्या फटीतून जाता येईल का, हा कसोटीचा प्रश्न आहे.

जिन्याच्या तोंडाशी असलेले फायर डोअर आपोआप बंद होणारे असते आणि ते बंद राहिले तरच उपयोगी असते. प्रत्यक्षात सफाईवाल्या मावशींना, दूधवाल्याला, लहान मुलांना ते जड वाटते, म्हणून त्याला वीट, नारळाची दोरी किंवा कुंडी लावून उघडे ठेवतात. उघड्या फायर डोअरमुळे जिना धुराडे बनतो : आग खालच्या मजल्यावर असली तरी धूर थेट वर चढतो, आणि माणसे ज्वाळांपेक्षा धुरानेच आधी गुदमरतात. वीट काढून भागत नाही, ती आठवड्यात परत येते. दार आपोआप ओढून लावणारा क्लोजर ढिला करून दार हलके करता येईल का, हे कंत्राटदाराला विचारावे. ते दार मुळात का उघडे ठेवले जाते, हे कळल्याशिवाय त्यावरचा उपाय टिकत नाही.

आश्रयक्षेत्र आणि गच्ची या दोन जागांवर कुलपे असतात. कारणेही खरी असतात : मुले गच्चीत जातात, चोरीची भीती असते, आश्रयक्षेत्रात पार्ट्या होतात. परंतु आठव्या मजल्यावरची ती मोकळी जागा माणसांनी थांबण्यासाठी मंजूर झालेली आहे. तिथे कुलूप, वाढदिवसाचे सामान, रंगाचे डबे किंवा कुणाची सायकल असेल, तर तो मंजूर वापराचा भंग आहे, आणि हे काम समितीने त्याच दिवशी मार्गी लावावे. गच्चीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आराखड्यात गच्ची सुटकेची जागा म्हणून लिहिली असेल, तर आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी हवी. ती बसवणे शक्य नसेल, तर ‘गच्चीवर जाऊ नये’ असे स्पष्ट लिहावे. अंधारात धूर चुकवत चौदा मजले चढून गेलेल्या माणसाला वर कुलूप भेटणे, हा सर्वांत वाईट शेवट असतो.

खाली आल्यावर दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली, गेटपासून इमारतीपर्यंतच्या वाटेची मोकळी रुंदी, वाहने उभी असताना, मंजूर नकाशातल्या आकड्याशी ताडून. कमानीची उंची, झाडाच्या फांद्या, लोंबणाऱ्या केबली यांचीही नोंद घ्यावी. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : बंब उभा राहील त्या जागेखाली पाण्याची टाकी आहे का, आणि तिचा स्लॅब बंबाचे वजन पेलतो का. याचे उत्तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्यावे. सणांचा विचारही इथेच करावा. गणेशोत्सवाचा मांडव किंवा नवरात्रीतला गरब्याचा मंडप बरोबर त्याच मोकळ्या जागेत पडतो, आणि वर्षातले ते दिवस आराखड्यात जणू नसतातच. मांडवाची परवानगी देणाऱ्या ठरावातच बंबाच्या वाटेचे माप लिहावे.

चौथी पायरी : गृहीतके वेगळी काढणे

आता पाचव्या वाक्याकडे वळू, कारण यात सर्वांत मोठे गृहीतक दडले आहे. ‘जिन्याने खाली यावे’ म्हणताना आराखडा असे धरून चालतो की आग वर आहे आणि खाली सुरक्षित आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगाव पश्चिम येथील एका निवासी इमारतीत आग लागली, ती पार्किंगमध्ये. तिथे साठवलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी आणि दुचाकींनी पेट घेतला, धूर वर गेला, आणि किमान सात जणांचा मृत्यू झाला. अशा वेळी खाली उतरणारा माणूस आगीच्या दिशेने चालत असतो.

आपल्या उदाहरणातल्या इमारतीत तळमजल्यावर उभे राहून पाहिले, तर दोन्ही जिने स्टिल्ट पार्किंगमध्येच उघडतात, एकमेकांपासून काही पावलांवर. कागदावर दोन वाटा असल्या तरी पार्किंग पेटले की दोन्ही एकदम बंद होतात. त्यातल्या एका जिन्याच्या तोंडाशी दुचाकींची रांग आहे आणि तिथेच भिंतीवर इलेक्ट्रिक स्कूटरसाठी एक्स्टेंशन बोर्ड लटकवलेला आहे. हा दोष नुसता आराखडा सुधारून जाणार नाही, जागेवर काम करावे लागेल. दुचाकी आणि चार्जिंग जिन्यांच्या तोंडापासून दूर हलवावे, चार्जिंगला वीज कंपनीच्या नियमाने स्वतंत्र जोडणी घ्यावी, आणि एखाद्या जिन्याला पार्किंगला वळसा घालून थेट बाहेर काढता येते का, हे वास्तुविशारद आणि अग्निशमन विभागाकडून तपासून घ्यावे. पार्किंगमधला जुना गादी-सोफ्याचा साठा मात्र त्याच आठवड्यात हलवता येतो.

आराखड्यातले वाक्यही बदलावे लागेल. जिना धुराविना असेल तर खाली यावे. जिन्यात धूर असेल तर त्यात शिरू नये : घरात परत जावे, दार लावावे, दाराखालची फट ओल्या कापडाने बुजवावी, बाहेरच्या बाजूच्या खिडकीशी यावे, आणि १०१ ला फोन करून मजला व घर क्रमांक सांगावा. हा दुसरा पर्याय बहुसंख्य सोसायट्यांच्या आराखड्यांत नसतोच. तो लिहिताना खिडक्यांच्या बॉक्स ग्रिलचाही विचार करावा. सगळ्या खिडक्यांना बंद जाळी असेल, तर शिडी वापरून आलेल्या जवानाला ती आधी कापावी लागते. निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी, अशी शिफारस रहिवाशांना लेखी करावी. दोन्ही पर्यायांचा अंतिम मजकूर जवळच्या अग्निशमन केंद्रातल्या अधिकाऱ्याला दाखवावा, कारण जिन्याची रचना, आश्रयक्षेत्र आणि केंद्रापासूनचे अंतर यांवर तो बदलू शकतो.

बाकीची गृहीतके लहान आहेत, पण तीही एकेक करून कागदावर मांडावीत : ‘आराखडा असे धरून चालतो की...’ या शब्दांनी वाक्य सुरू केले की ती आपोआप बाहेर येतात. आराखडा धरून चालतो की सायरन मागच्या बेडरूममध्ये ऐकू येतो. आराखडा धरून चालतो की अग्निशमन पंप चालू होईल. आराखडा धरून चालतो की टाकीत आगीसाठीचे पाणी आहे. आराखडा धरून चालतो की बागेजवळची जागा मोकळी आणि सुरक्षित आहे. प्रत्येकापुढे कोणी, कधी आणि कसे पाहिले ते लिहावे. रकाना रिकामा राहिला, तर ते गृहीतक अजून तपासायचे आहे.

यांतल्या पंपावर थोडे थांबायला हवे. पंप रूममधल्या पॅनेलवर एक निवड-कळ असते : ऑटो, मॅन्युअल, बंद. ऑटोवर असेल तर पाइपमधला दाब घसरताच पंप स्वतः सुरू होतो. एखाद्या जोडातून गळती लागली की पंप वारंवार सुरू होऊ लागतो, आवाजाची तक्रार येते, आणि कोणीतरी ती कळ मॅन्युअलवर किंवा बंदवर फिरवून जातो. तपासणीच्या दिवशी ती ऑटोवर येते, नंतर पुन्हा फिरते. म्हणून कोणत्याही साध्या दिवशी, न सांगता, पंप रूममध्ये जाऊन त्या कळीचा फोटो घ्यावा. ती ऑटोवर नसेल तर गळती कुठे आहे, याचा शोध घेणे हे खरे काम आहे. टाकीचेही तसेच : उन्हाळ्यात पाणीकपात झाली की आगीसाठी राखून ठेवलेले पाणी घरगुती वापराला ओढले जाते.

सातव्या वाक्यातली बाग इमारतीच्या भिंतीला लागून असेल, तर वरून पडणाऱ्या काचांच्या टप्प्यात माणसे उभी राहतात, आणि तीच बंबाची जागा असेल तर दोघांची अडचण होते. गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे नसलेली, रात्री उजेड असलेली जागा शोधावी. मोजणीविषयी स्पष्ट बोलायचे तर निवासी इमारतीत अचूक मोजणी होत नाही. कोण गावाला गेले, कोणाकडे पाहुणे आले, हे सचिवांना ठाऊक नसते. त्यापेक्षा प्रत्येक मजल्याने आपल्या मजल्यापुरते सांगावे : चार घरांपैकी कोण खाली आले, कोण बाहेरगावी आहे, आणि कोणाविषयी माहिती नाही. अधिकाऱ्याच्या कामाचा असतो तो तिसरा आकडा.

गॅसगळतीसाठी हाच आराखडा चालणार नाही, इतकी नोंद येथे पुरे. गॅसचा वास असताना बेल वाजवणे, दिव्याची कळ दाबणे हेच ठिणगीचे निमित्त होऊ शकते, म्हणून दार हाताने ठोठावावे आणि तो भाग वेगळ्या पानावर लिहावा.

पाचवी पायरी : लहान चाचण्या, मग रंगीत तालीम

संपूर्ण इमारतीची तालीम एकदम घेऊ नये. आधी समितीने टेबलाभोवती बसून करावी : एकाने घड्याळ धरावे आणि म्हणावे, ‘रात्रीचे दोन वाजून तीस मिनिटे, पाचव्या मजल्यावर धूर. वॉचमन, काय करता?’ या बैठकीला रात्रपाळीचा रक्षक हजर असलाच पाहिजे. तो नसेल तर बैठक पुढे ढकलावी. अर्ध्या तासात कोणती किल्ली कुणाकडे नाही आणि कोणता आकडा कुणाला पाठ नाही, ते समोर येते.

नंतर सुट्या चाचण्या घ्याव्यात. सायरन वाजवून एका मजल्यावरच्या सगळ्यांत मागच्या खोलीत, दार लावून आणि पंखा किंवा एसी चालू ठेवून, तो ऐकू येतो का ते पाहावे. जिन्यातले साधे दिवे रात्री बंद करून आपत्कालीन दिवे लागतात का आणि किती वेळ टिकतात ते पाहावे. एका धडधाकट सदस्याने आणि एका सत्तरीच्या सदस्याने, कठड्याला धरून आपल्या नेहमीच्या गतीने, चौदा मजले उतरावेत आणि दोन्ही वेळा लिहाव्यात. रात्री एक वाजता ग्रुपवर एक पूर्वसूचना दिलेला संदेश टाकून पंधरा मिनिटांत तो किती घरांनी वाचला ते मोजावे. इशारा देण्यासाठी त्या ग्रुपवर किती विसंबता येईल, हे त्या आकड्यावरून ठरते.

प्रत्यक्ष तालमीची तारीख अग्निशमन केंद्राला कळवावी, आणि उतरू न शकणाऱ्या व्यक्तींना तालमीत खाली आणू नये. त्यांच्या जागी वजनाचा अंदाज येईल अशी एखादी पोती भरलेली खुर्ची उचलून पाहावी. तीन निरीक्षक ठेवावेत : एक गेटवर, एक जिन्याच्या मधल्या मजल्यावर, एक जमण्याच्या जागी. त्यांनी काहीही दुरुस्त न करता फक्त वेळ लिहावी : सायरन किती वाजता, १०१ चा सराव-फोन किती वाजता, गेट पूर्ण उघडले किती वाजता, शेवटचा माणूस कधी खाली आला. रविवारी सकाळी अकरा वाजता, आठवडाभर आधी सांगून घेतलेली तालीम फक्त रविवार सकाळीच काय होईल ते दाखवते. अहवालात ही मर्यादा लिहावी आणि पुढची तालीम संध्याकाळी, कामावरून परतण्याच्या गर्दीत घ्यावी.

सहावी पायरी : आराखडा पुन्हा लिहिणे

दोषांची यादी तीन गटांत लावली की काम पुढे सरकते : आजच होणारे (कुलूप, विटा, पार्किंगमधली अडगळ), समितीच्या ठरावाने होणारे (कामांची वाटणी, मांडवाची अट, रक्षकाचे कार्ड), आणि बाहेरच्या तज्ज्ञाशिवाय न होणारे (जिन्याचा मार्ग, वायरिंग, टाकीचा स्लॅब). प्रत्येकापुढे एका व्यक्तीचे नाव आणि तारीख असावी. ‘समिती पाहील’ असा शेरा आला की पहिलाच दोष नव्याने आत शिरतो.

आपल्या उदाहरणातल्या आराखड्याची पहिली चार वाक्ये सुधारल्यावर अशी होतात : ‘धूर किंवा आग ज्याला प्रथम दिसेल त्याने मजल्यावरची अलार्मची पेटी दाबावी. रक्षकाने सायरन वाजवून, १०१ ला फोन करून, दोन्ही गेट उघडावेत आणि मुख्य गेटवर थांबावे. जाकीट घातलेल्या प्रमुखाने आगीच्या आणि त्यावरच्या मजल्यावर इंटरकॉमने कळवावे. वायरमनने पाट्या लावलेल्या स्विचांपैकी फक्त त्या मजल्याचा स्विच प्रमुखानेच बंद करावा. “फायर” पाटीच्या स्विचला हात लावू नये.’ मजकूर वाढला आहे, पण आता प्रत्येक कामापुढे माणूस आहे.

सुरक्षा एजन्सी बदलली, दुरुस्तीसाठी इमारतीला परांच्या बांधल्या गेल्या, निवडणूक होऊन समिती बदलली किंवा पार्किंगची फेररचना झाली, तर वर्षाची वाट न पाहता तपासणी पुन्हा करावी. नव्या आराखड्यावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घालावा, आणि लॉबी, केबिन, लिफ्टची भिंत, ग्रुपमध्ये पिन केलेला संदेश अशा सगळ्या ठिकाणची जुनी प्रत त्याच दिवशी काढून टाकावी. दोन आवृत्त्या भिंतीवर राहिल्या, तर रात्रपाळीचा रक्षक त्याच्या खुर्चीजवळची वाचणार.